नफा ठरला, आता विक्री किती? गोल सीक आणि सरळ समीकरण

वर्षाचं नियोजन सुरू झालं की एक प्रश्न हमखास येतो: अमुक इतका नफा हवा, तर माल किती विकावा लागेल? एक्सेल उघडून बसलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे कागदावर समीकरण मांडून उत्तर काढायचं. दुसरी म्हणजे एक्सेलमधल्या गोल सीक या साधनाला लक्ष्य सांगून उत्तर शोधायला लावायचं. बरेचजण दुसरी वाट धरतात, कारण तिथे बीजगणित लागत नाही. साध्या गणितात दोन्हीकडून एकच आकडा येतो, म्हणून दोन्ही सारखेच आहेत असं वाटतं. पण गणित थोडं वाकडं झालं की गोल सीक चुकीच्या ठिकाणी शांतपणे थांबू शकतं आणि तरीही ‘उत्तर सापडलं’ असं सांगतं. ते केव्हा होतं आणि कसं ओळखायचं, हे एकाच उदाहरणातून पाहू.

## नफा कसा तयार होतो

समजा एकच वस्तू विकली जाते आणि एका नगाची विक्री किंमत २४० आहे. चलन कोणतंही धरा. एक नग तयार करून विकायला कच्चा माल, मजुरी, पॅकिंग मिळून १५५ खर्च येतो. हा खर्च नगांच्या संख्येबरोबर वाढतो, म्हणून त्याला बदलता खर्च म्हणतात. भाडं, पगार, विमा हे मात्र एकही नग विकला नाही तरी द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च वर्षाला ६,००,००० आहे.

प्रत्येक नगामागे २४० वजा १५५, म्हणजे ८५ हातात राहतात. यालाच प्रतिनग योगदान म्हणतात, कारण ही रक्कम आधी स्थिर खर्च भागवायला हातभार लावते आणि तो भागला की पुढची सगळी नफ्यात जाते. ब्रेक-इव्हनपर्यंतचे, म्हणजे स्थिर खर्च पूर्ण भागेपर्यंतचे ८५ स्थिर खर्चाचे, त्यानंतरचे ८५ आपले. पुढचं सगळं गणित याच एका आकड्यावर उभं आहे.

## समीकरण: स्थिर खर्चात लक्ष्य मिळवा आणि भागा

हवा असलेला नफा ४,००,००० आहे. म्हणजे योगदानातून स्थिर खर्चाचे ६,००,००० आणि वर नफ्याचे ४,००,०००, असे एकूण १०,००,००० उभे राहायला हवेत. एक नग ८५ देतो, म्हणून १०,००,००० भागिले ८५. उत्तर ११,७६४.७१ नग.

अर्धवट नग विकता येत नाही, म्हणून ते वर न्यायचं, खाली नाही. ११,७६४ नगांवर नफा ३,९९,९४० होतो आणि लक्ष्य थोडक्यात चुकतं. ११,७६५ नगांवर तो ४,००,०२५ होतो. विक्रीची रक्कम हवी असेल तर ११,७६५ गुणिले २४०, म्हणजे २८,२३,६००.

लक्ष्य करानंतरच्या नफ्याचं असेल, तर इथे एक चूक वारंवार होते. कर २५ टक्के आहे म्हणून ४,००,००० मध्ये २५ टक्के मिळवून ५,००,००० धरले जातात. पण कर करपूर्व नफ्यावर लागतो, उरलेल्या नफ्यावर नाही. म्हणून ४,००,००० ला ०.७५ ने भागायला हवं आणि करपूर्व लक्ष्य येतं ५,३३,३३३. त्यासाठी १३,३३४ नग विकावे लागतात. चुकीच्या पद्धतीने १२,९४२ नग निघतात आणि कर भरल्यावर हातात सुमारे ३,७५,००० च उरतात. समीकरण उलटं सोडवताना असा घोटाळा होऊ शकतो, ही त्याची खरी कमजोरी आहे. गोल सीकमध्ये तो होत नाही, कारण तिथे गणित सुलट्याच दिशेने चालतं: विक्री, खर्च, कर, मग नफा.

## गोल सीक नेमकं काय करतं

गोल सीकला बीजगणित येत नाही. तराजूच्या एका पारड्यात वस्तू ठेवून दुसऱ्यात काटा सरळ होईपर्यंत वजनं कमी-जास्त करावीत, तसं ते एका सेलमधला आकडा बदलत राहतं आणि दुसऱ्या सेलमधलं उत्तर लक्ष्याच्या पुरेसं जवळ आलं की थांबतं.

आपलं उदाहरण शीटवर असं मांडा. `B1` मध्ये किंमत 240, `B2` मध्ये बदलता खर्च 155, `B3` मध्ये स्थिर खर्च 600000, `B4` मध्ये अंदाजाने नग 10000 आणि `B8` मध्ये लक्ष्य 400000. मधली सूत्रं अशी:

```
B5: =B4*B1
B6: =B4*B2
B7: =B5-B6-B3
```

आता `Data` टॅबवर `What-If Analysis` आणि त्यात `Goal Seek` निवडा. तीन चौकटी दिसतात. `Set cell` मध्ये नफ्याचा सेल `B7` द्यायचा, आणि तिथे सूत्रच असावं लागतं. `To value` मध्ये 400000 हा आकडा हाताने टाइप करावा लागतो. लक्ष्य `B8` मध्ये लिहिलेलं असलं तरी त्या सेलचा पत्ता इथे चालत नाही. `By changing cell` मध्ये `B4` द्यायचा, आणि तिथे मात्र साधा आकडाच हवा, सूत्र नको. `OK` दाबल्यावर `B4` मध्ये ११,७६४.७१ च्या आसपासचा आकडा बसतो.

‘आसपास’ असं म्हटलं, कारण किती जवळ पोचल्यावर थांबायचं हे एक्सेलच्या एका सेटिंगवर ठरतं. `File`, `Options`, `Formulas` इथे `Maximum Iterations` आणि `Maximum Change` असे दोन आकडे असतात. ते मुळात १०० आणि ०.००१ असतात. म्हणजे जास्तीत जास्त १०० प्रयत्न करायचे आणि उत्तर लक्ष्यापासून ०.००१ च्या आत आलं की समाधान मानायचं. हे ०.००१ पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

## “आकडा तोच येतो, मग फरक काय पडतो?”

पहिला फरक दुसऱ्या दिवशी दिसतो. कच्चा माल महागला आणि `B2` मध्ये 155 चे 160 झाले. समीकरण सेलमध्ये लिहिलेलं असेल तर उत्तर लगेच बदलतं:

```
=ROUNDUP((B3+B8)/(B1-B2),0)
```

योगदान ८५ चं ८० झालं, म्हणून १२,५०० नग. गोल सीकने `B4` मध्ये ठेवलेला आकडा मात्र तिथेच बसून राहतो. तो सूत्र नाही, कोणीतरी टाइप केल्यासारखा नुसता आकडा आहे. नफ्याचा सेल खाली घसरून सुमारे ३,४१,००० वर येतो आणि नगांचा आकडा जुन्या किमतीचाच राहतो. शीट पुढे दुसऱ्याच्या हातात गेली की त्याला हा आकडा कधी आणि कोणत्या गृहीतांवर शोधला होता हे कळायला मार्ग नसतो.

शिवाय `B4` मधला आधीचा आकडा पुसला जातो. तो खरा अंदाज किंवा मागच्या वर्षीची विक्री असेल तर गोल सीक चालवण्याआधी बाजूच्या सेलमध्ये उतरवून ठेवा. निकालाच्या खिडकीत `Cancel` दाबलं तर जुना आकडा परत येतो. `OK` दाबल्यावर लगेच `Ctrl+Z` करता येतं, पण फाइल सेव्ह करून बंद केली की तो गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: किंमत, बदलता खर्च आणि स्थिर खर्च असे तीनच आकडे असतील आणि ते नगांनुसार बदलत नसतील, तर गोल सीकची गरजच नाही. एका ओळीचं सूत्र लिहा.

## लक्ष्य टक्क्यांत असलं की

अनेकदा लक्ष्य रकमेत नसतं, तर ‘विक्रीच्या १५ टक्के नफा हवा’ असं असतं. तेव्हा `B9` मध्ये `=B7/B5` लिहून गोल सीकला 0.15 हे लक्ष्य दिलं जातं. इथे ते ०.००१ अंगावर येतं. रकमेत ०.००१ म्हणजे काहीच नाही, पण प्रमाणात ०.००१ म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. गोल सीक १४.९ पासून १५.१ टक्क्यांपर्यंत कुठेही थांबू शकतं, आणि त्याच्या लेखी काम फत्ते झालेलं असतं.

खरं उत्तर समीकरणाने काढू. प्रत्येक नगामागे ८५ योगदान आहे. त्यातले २४० चे १५ टक्के, म्हणजे ३६ नफ्यासाठी बाजूला काढावे लागतात. स्थिर खर्चासाठी ४९ उरतात. ६,००,००० भागिले ४९, म्हणजे १२,२४४.९ नग. शोध १४.९ टक्क्यांवर थांबला तर आकडा १२,१८५ च्या आसपास निघतो, म्हणजे जवळजवळ साठ नग कमी. सेलवर शून्य दशांश दाखवले असतील तर `B9` मध्ये ‘१५%’ असंच दिसतं, त्यामुळे शंकाही येत नाही. दशांश वाढवून पाहिले की उघड होतं.

उपाय सोपा आहे. प्रमाण शोधायला न लावता फरक शोधायला लावा:

```
B10: =B7-0.15*B5
```

आता `Set cell` मध्ये `B10` आणि `To value` मध्ये 0. फरक रकमेत असल्याने ०.००१ ची ढिलाई नगण्य होते. हीच युक्ती नेहमीच्या लक्ष्यालाही चालते: `=B7-B8` लिहून शून्य मागा, म्हणजे लक्ष्य सेलमध्ये दिसतं राहतं आणि दर वेळी हाताने टाइप करावं लागत नाही. शीट लाखांत किंवा कोटींत मांडलेली असेल तरही हेच भान ठेवावं लागतं. कोटींच्या शीटमध्ये ०.००१ म्हणजे दहा हजार. तिथे `Maximum Change` कमी करून ०.०००००१ वगैरे ठेवा.

याच प्रश्नात समीकरणाची आणखी एक ताकद दिसते. लक्ष्य १५ ऐवजी ४० टक्के आहे असं समजा. २४० चे ४० टक्के म्हणजे ९६, आणि नगामागे हातात तर ८५ च येतात. कितीही विक्री केली तरी नफा विक्रीच्या ३५.४ टक्क्यांपर्यंत पोचूच शकत नाही. समीकरणात हे भागताना लगेच दिसतं, कारण छेद उणे होतो. गोल सीकला मात्र ‘हे अशक्य आहे’ असं म्हणता येत नाही. ते एकतर उत्तर सापडलं नसावं असा संदेश देतं, नाहीतर उणे ५४,५४५ नग असं उत्तर देऊ शकतं. गणिताने ते बरोबर आहे, कारण उणे विक्रीवर उणे नफा भागला की ४० टक्के येतात. गोल सीकच्या उत्तरात उणे नग दिसले तर शोध पुन्हा चालवण्यात वेळ घालवू नका. लक्ष्य आणि योगदान यांचं प्रमाण तपासा.

## स्थिर खर्चाची पायरी

खरी अडचण इथे आहे आणि प्रत्यक्ष कामात ती सर्रास भेटते. स्थिर खर्च कायम स्थिर नसतो. एका मर्यादेपर्यंत तो तसाच राहतो आणि ती ओलांडली की एकदम वर चढतो. समजा एका पाळीत वर्षाला १२,००० नगच होतात. त्यापुढे एक नग जरी हवा असला तरी दुसरी पाळी लावावी लागते आणि १,५०,००० चा जादा स्थिर खर्च येतो. नफ्याचं सूत्र असं होतं:

```
B7: =B5-B6-B3-IF(B4>12000,150000,0)
```

१२,००० नगांवर नफा ४,२०,००० आहे. १२,००१ व्या नगावर तो २,७०,०८५ वर कोसळतो. तिथून पुन्हा नगामागे ८५ ने चढायला लागतो आणि ४,२०,००० च्या वर जायला १३,७६५ वा नग उजाडतो. म्हणजे १२,००१ पासून १३,७६४ पर्यंतची कोणतीही विक्री १२,००० वर थांबण्यापेक्षा कमी नफ्याची आहे. विक्री वाढवण्याच्या बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाला हा पट्टा माहीत असायला हवा.

आता लक्ष्य तेच, ४,००,०००. ते दोन ठिकाणी गाठलं जातं. पायरीच्या अलीकडे ११,७६५ नगांवर, आणि पलीकडे ११,५०,००० भागिले ८५, म्हणजे १३,५३० नगांवर. गोल सीक एकच उत्तर देतं, आणि कोणतं देईल हे `B4` मध्ये आधी काय लिहिलं होतं यावर अवलंबून असतं. शोध तिथून सुरू होतो. `B4` मध्ये १०,००० असेल तर तो सहसा ११,७६४.७ वर पोचतो. १५,००० असेल तर तो खाली येता येता १३,५२९.४ वर थांबतो. दोन्ही वेळा नफा बरोबर ४,००,००० दिसतो. दुसऱ्या वेळी मात्र त्याच नफ्यासाठी १,७६५ नग जास्त विकायचे आणि वर दुसरी पाळी चालवायची.

समीकरणाने हे करायचं तर दोन भाग वेगळे सोडवायचे आणि प्रत्येक उत्तर आपल्या भागात बसतं का ते पाहायचं. पहिल्या भागात ११,७६५ आलं, ते १२,००० च्या आत आहे, म्हणून चालतं. दुसऱ्या भागात १३,५३० आलं, ते १२,००० च्या वर आहे, म्हणून तेही चालतं. दोन खरी उत्तरं आहेत, त्यातलं लहान घ्या. लक्ष्य ४,५०,००० असेल तर पहिल्या भागातून १२,३५३ येतं, पण तो भाग १२,००० लाच संपतो, म्हणून हे उत्तर बाद. दुसऱ्या भागातून १४,११८ येतं, तेवढंच खरं. एका पायरीसाठी हे दोन ओळींचं काम आहे, आणि त्यातून ‘किती उत्तरं आहेत’ हेही कळतं. गोल सीक ते कधीच सांगत नाही.

तरीही गोल सीकच वापरायचं असेल, तर आधी एक छोटा तक्ता करा. एका रकान्यात १०,००० पासून १६,००० पर्यंत ५००-५०० ने वाढणारे नग लिहा आणि शेजारी नफा. नफा ११,५०० वर ३,७७,५०० आहे, १२,००० वर ४,२०,००० आहे आणि १२,५०० वर एकदम ३,१२,५०० आहे. वाढत चाललेला आकडा मध्येच घटला, म्हणजे लक्ष्य दोनदा गाठलं जाण्याची शक्यता आहे. मग गोल सीक दोन्ही टोकांकडून चालवा: एकदा `B4` मध्ये खालचा आकडा ठेवून, एकदा वरचा ठेवून. उत्तरं वेगळी आली तर दोन्ही नोंदवा आणि त्यातलं निवडा.

अशीच दुसरी खोड पूर्णांकांची आहे. नग पेटीत भरून विकले जातात म्हणून कोणीतरी सूत्रात `ROUNDUP` घालून ठेवतं. `B4` किंचित हलवला तरी नफा हलत नाही, आणि कोणत्या दिशेला जायचं हे गोल सीकला कळत नाही. ते जागीच अडकतं. शोध चालू असताना पूर्णांक करणारी सूत्रं काढून टाका आणि उत्तर मिळाल्यावर शेवटी एकदाच वर न्या.

## “पण आमचं गणित इतकं साधं नाही”

बरोबर आहे, आणि गोल सीकचा उपयोग तिथेच आहे. विक्रीनुसार बदलणारं कमिशन, मोठ्या खरेदीवर कच्च्या मालात मिळणारी सूट, उधारीमुळे वाढणारं कर्ज आणि त्यावरचं व्याज, नफ्यावर दिला जाणारा बोनस, टप्प्याटप्प्याने लागणारा कर, हे सगळं पाच-सहा शीटवर पसरलेलं असेल तर त्याचं समीकरण हाताने उलटवणं व्यवहार्य नसतं. प्रत्येक टप्प्याला वेगळे भाग होतात आणि भागांची संख्या भराभर वाढते. तिथे गणित सुलटं मांडून गोल सीकला शोधू देणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

पण अशा वेळीही आधी ढोबळ समीकरण कागदावर करा. सरासरी योगदान घ्या, स्थिर खर्च त्या पातळीवर जो असेल तो घ्या, भागाकार करा आणि तो आकडा `B4` मध्ये सुरुवातीचा म्हणून ठेवा. याने दोन कामं होतात. शोध योग्य ठिकाणाहून सुरू होतो, आणि गोल सीकचं उत्तर त्या अंदाजापासून फार दूर गेलं तर ते का गेलं हे तपासायची आठवण राहते. `B4` रिकामा ठेवून शोध सुरू करू नका. रिकामा सेल शून्य धरला जातो, नफ्याचं प्रमाण काढणारं सूत्र शून्याने भागायला जातं आणि तिथेच चूक दिसते.

वस्तू अनेक असतील तर आणखी एक मर्यादा आड येते: गोल सीक एकच सेल बदलू शकतं. म्हणून एकूण नग एका सेलमध्ये ठेवा, प्रत्येक वस्तूचा वाटा टक्क्यांत निश्चित करा आणि तिचे नग एकूणातून सूत्राने काढा. उत्तर फक्त त्याच वाट्यांसाठी खरं असतं. कमी योगदानाच्या वस्तूचा वाटा वाढला तर एकूण नग तेवढेच विकूनही नफा कमी पडतो. वाटेही बदलू द्यायचे असतील तर एकाच वेळी अनेक सेल बदलणारा एक्सेलचा `Solver` लागतो, आणि त्यात प्रत्येक वस्तू जास्तीत जास्त किती विकली जाऊ शकते ही मर्यादा आपणच घालावी लागते. ती घातली नाही, तर सर्वाधिक योगदानाची एकच वस्तू विका असं उत्तर तो बिनदिक्कत देऊ शकतो.